शोधणारा आणि शोधलेला एकच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दर आठवड्याला 'विवेकसिंधू'चं वाचन होतं. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये, अद्वैत मराठीत मांडलं. परंपरा असं मानते की हा ग्रंथ वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याला लिहिला गेला, म्हणून विदर्भातल्या माणसाला तो घरचा वाटतो. वाचन उठल्यावर ओट्यावर आणि पुढे आठवडाभर फोनवर जे प्रश्न येतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. ज्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं, त्याने तेवढंच वाचलं तरी चालेल. पण प्रश्न २ मधली गोष्ट पुढे बऱ्याच ठिकाणी लागते, ती आधी वाचून घ्यावी.

१. "साधक आणि साध्य एकच" म्हणजे काय? मीच देव, असं म्हणायचं का?

सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे, ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला सोसायटीच्या कर्जाची चिंता आहे, त्या माणसाला कोणी देव म्हणत नाही. अद्वैताचं म्हणणं वेगळं आहे. गुडघा दुखतो हे कळतं, चिंता आली हे कळतं, देव सापडत नाही ही तळमळसुद्धा कळते. हे सगळं ज्याच्यामुळे कळतं, त्यालाच उपनिषदं आत्मा म्हणतात, ब्रह्म म्हणतात, आणि माणूस नेमका तेच शोधायला बाहेर पडलेला असतो.

अडचण इथूनच सुरू होते. शोधायची सवय आपल्याला समोरच्या वस्तूची असते. हरवलेला बैल शोधायचा म्हणजे तो डोळ्यांसमोर यायला हवा. पण ज्याच्यामुळे समोरचं सगळं कळतं, ते स्वतः समोर कसं येणार? बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला हेच विचारतो: जो जाणणारा आहे, त्याला कशाने जाणशील? केनोपनिषदही तेच सांगतं की मनाने ज्याचा विचार करता येत नाही पण मन ज्याच्यामुळे विचार करतं, ते ब्रह्म. लोक 'हे' म्हणून समोर ठेवून ज्याची उपासना करतात, ते नव्हे.

२. दहाव्या माणसाची गोष्ट सगळे सांगतात. ती नीट सांगा ना.

दहा जण नदी पार करतात. कोणतीही नदी समजा, पैनगंगाच समजा. पलीकडे गेल्यावर सगळे आले का हे पाहायला एक जण मोजतो. स्वतःला सोडून मोजतो, नऊ भरतात. दुसरा मोजतो, त्याचेही नऊच. दहावा वाहून गेला म्हणून सगळे ऊर बडवून रडू लागतात. एक वाटसरू हे पाहतो, कुठे चुकतंय ते त्याच्या लगेच ध्यानात येतं, आणि तो म्हणतो, "रडू नका, दहावा जिवंत आहे." मग तो त्यांच्यातल्या एकाला पुन्हा मोजायला लावतो, नवावर तो थांबला की त्याचाच हात धरून सांगतो, "दहावा तूच."

चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी 'पंचदशी'च्या सातव्या प्रकरणात या गोष्टीच्या सात अवस्था पाडून दाखवल्या आहेत. पहिली अज्ञान: दहावा कोण, हे ठाऊक नाही. दुसरी आवरण: "दहावा दिसत नाही, दहावा नाहीच." तिसरी विक्षेप, म्हणजे रडारड. चौथी परोक्ष ज्ञान: वाटसरूच्या शब्दावरून कळलं की दहावा कुठेतरी आहे. पाचवी अपरोक्ष ज्ञान: तो मीच. सहावीत दुःख जातं. सातवीत समाधान येतं, आणि त्याला मग हद्द राहत नाही.

या क्रमाकडे नीट पाहा. दहाव्याच्या शोधात कोणाला दहावा चेहरा दिसला का? नाही. आधीही दहा होते, नंतरही दहाच. नदीत उडी घेऊन कोणी कोणाला काढलं नाही. पाचव्या पायरीवर फक्त मोजणीतली चूक गेली. समाधान आलं ते त्याच्या मागून, सातव्या ठिकाणी. आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तेच सातवं आधी हवं असतं. आनंदाची लाट येईल तेव्हा समजू की दहावा सापडला, असं धरून ते नदीकडे पाहत बसतात.

३. पंचवीस वर्षं झाली नाम घेऊन, मले काहीच काहून दिसत नाही?

काय दिसायला हवं होतं, हे आधी स्वतःलाच विचारा. उजेड, मूर्ती, नाद, अंगावर काटा, डोळ्यांत पाणी? यातलं काही कोणाला होतं, कोणाला होत नाही. ते बऱ्याच अंशी ज्याच्या त्याच्या स्वभावावर आणि मनाच्या एकाग्रतेवर असतं. ते आलं म्हणून आत्मा जवळ आला नाही, आलं नाही म्हणून लांब गेला नाही.

नामाने मन स्थिर होतं, ही कमाई लहान नाही. अद्वैतात उपासनेचं काम तेवढंच मानलं आहे: मन इतकं शांत व्हावं की ऐकलेली गोष्ट आत जावी. पंचवीस वर्षांत तुमचं मन पूर्वीइतकं भडकत नसेल, तर नामाने आपलं काम केलं आहे. आता ऐकायचं आणि ऐकलेल्यावर विचार करायचा, हे काम उरलं. आणखी पंचवीस वर्षं वाट पाहून दिसण्याची गोष्ट घडणार नाही, कारण ती दिसण्याची गोष्टच नाही (प्रश्न १).

४. जागलीला बसलो असताना एकदा सगळं थांबलं. 'मी' उरलोच नाही. ते परत कसं आणू?

हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. कोणाला ते दहा दिवसांच्या शिबिरात झालेलं असतं, कोणाला वारीच्या वाटेवर. एका शेतकऱ्याशी झालेलं बोलणं त्यांच्या संमतीने, नाव न देता, इथे देतो.

हरभरा घाट्यावर आला होता. रोही आणि रानडुकरं रात्री वावरात घुसतात म्हणून ते शेकोटी पेटवून धुऱ्यावर बसले होते. उशाशी बॅटरी आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. पहाटेच्या सुमारास रोह्यांचा कळप येऊन गेला, यांनी डबा बडवला, कळप पळाला आणि पुन्हा शांत झालं. त्या शांततेत, त्यांच्या शब्दांत, "सारंच थांबलं. विचार नाही, वावर माझं नाही, मी बी नाही." किती वेळ गेला ते त्यांना सांगता येत नाही. उजाडलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानंतर ते तसंच परत यावं म्हणून त्यांनी तीच घोंगडी घेतली, तोच धुरा धरला, तीच वेळ साधली. काही आलं नाही. मग शिबिरं केली, एका बुवांकडून मंत्र घेतला. चिडचिड वाढली, घरी बोलणं कमी झालं.

मी त्यांना विचारलं, "त्या वेळी काय होतं?"

"काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं, हे कशावरून सांगता?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कळत तर होतं."

"त्याच्या आधी रोह्यांची भीती होती. ती कळत होती?"

"कळत होती."

"आणि आता ते परत येत नाही याचं दुःख आहे. ते कळतं?"

"चांगलंच कळतं."

"मग या तिन्ही कळण्यांत फरक काय?"

त्यांचं उत्तर असं: "कळण्यात फरक नाही. काय कळलं त्यात हाय."

सगळा मुद्दा एवढाच आहे. भीती आली आणि गेली. शांतता आली आणि गेली. दुःख आलं आहे, तेही जाईल. ज्याला ही येजा कळली, ते त्या पहाटे आलं नव्हतं आणि उजाडल्यावर गेलंही नाही. ते गृहस्थ मात्र शांततेलाच आत्मा धरून बसले. म्हणून शांतता गेली तेव्हा आत्मा हरवला असं त्यांना वाटलं आणि ते दहावा शोधायला पुन्हा नदीवर गेले.

त्यांनी पुढे विचारलं, "मग त्या रातीचा उपयोग काहीच नाही?" आहे, आणि मोठा आहे. एरवी आपण ज्याला 'मी' म्हणतो, वावराचा मालक, घरचा कर्ता, चिंता करणारा, तो त्या वेळी नव्हता आणि तरी कळणं तुटलं नाही. म्हणजे तो 'मी'सुद्धा कळणाऱ्या वस्तूंपैकीच एक निघाला. हे एकदा दिसलं तेवढं पुरे आहे. तो पुरावा रोज नव्याने गोळा करावा लागत नाही. परत आणण्याच्या खटपटीत मात्र मन सारखं "आलं का, आलं का" करत राहतं, आणि ती शांततासुद्धा मग येत नाही.

५. म्हणजे समाधीचा आनंद खोटा आहे का?

खोटा नाही, पण तिथे अडकायचं नाही. गौडपादांनी मांडूक्यकारिकेत स्पष्ट सांगितलं आहे की ध्यानात येणारं सुख चाखत बसू नये, विवेकाने त्यापासून अलिप्त राहावं. पुढे 'वेदान्तसारा'त ध्यानाची चार विघ्नं मोजली आहेत: लय म्हणजे झोप लागणं, विक्षेप म्हणजे मन भटकणं, कषाय म्हणजे जुन्या ओढीने मन बधिर होणं, आणि चौथं रसास्वाद. पहिली तीन विघ्नं कोणालाही विघ्नं वाटतात. चौथ्याला लोक सिद्धी समजतात, म्हणून ते सगळ्यांत जास्त काळ टिकतं.

६. हे ऐकून राग येतो. "तू आहेसच" म्हणता, मग इतकी वर्षं केलं ते वाया गेलं का?

राग येण्यामागे कारण आहे. ज्याने शिबिरासाठी मजुरी बुडवली, पहाटे उठून बसला, उपास केले, त्याच्या हातात शेवटी काहीतरी पडावं ही अपेक्षा रास्त आहे. आणि ही शिकवण हातात काही ठेवत नाही. उलट ज्याने हे सगळं केलं त्या 'साधका'लाच ती हात घालते. मिळवणारा मी आणि मिळायची ती वस्तू, या दोघांमधलं अंतर धरूनच त्याची सगळी धडपड उभी असते, आणि शिकवण म्हणते की ते अंतर कधी नव्हतंच. अनुभवाच्या मागे लागलेल्याला हे ऐकून फसवल्यासारखं वाटतं. शिबिराला जाऊन आलेला माणूस निदान सांगू शकतो की मला अमुक झालं. इथे सांगायलाही काही उरत नाही.

वाया मात्र काही जात नाही. रडणारे दहा जण मोजायला तरी उभे होते, म्हणून वाटसरूचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. ज्याला दहावा हरवल्याचं दुःखच नव्हतं, त्याला "तूच दहावा" हे सांगून काय कळणार? तळमळीने माणूस ऐकायच्या जागी येऊन पोचतो. तिचं काम तिथे संपतं. पुढे तीच तळमळ दुसऱ्या शिबिराकडे ओढू लागली की ती आड येते.

७. साक्षी होऊन बसलो की डोक्याच्या मागे कोणीतरी पाहतंय असं वाटतं. तोच आत्मा का?

नाही. ही चूक इतकी सर्रास होते की तिला वेगळा प्रश्न द्यावा लागला. डोक्यामागे कोणी पाहतंय ही जाणीव तुम्हाला कळते, म्हणजे तीही समोरच्या वस्तूंतच जमा झाली. मनाने स्वतःचा एक भाग बाजूला काढला आणि त्याला पहारेकरी नेमलं. ओळखायची खूण सोपी आहे: असा साक्षी टिकवायला जोर लागतो, लक्ष हललं की तो नाहीसा होतो, आणि बराच वेळ बसलं की कपाळ जड होतं. ज्याच्यामुळे कळतं, ते टिकवावं लागत नाही. साक्षी निसटला हेही त्यालाच कळलेलं असतं.

अशा वेळी ते धरणं सोडून द्यावं. त्याच्या जागी दुसरा, आणखी मागे बसलेला साक्षी उभा करू नये.

८. गाढ झोपेत तर काहीच कळत नाही. मग ते 'कळणं' तेव्हा कुठे असतं?

जुनं उत्तर असं: उठल्यावर माणूस म्हणतो, "छान झोपलो, काहीच कळलं नाही." हे आठवून सांगतो, आणि आठवण अनुभवाशिवाय होत नाही. म्हणून काही नसण्याचीही जाणीव तिथे होती.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते उठल्यावर अंग हलकं वाटतं, मध्ये वेळ गेलेला दिसतो, त्यावरून आपण झोपेबद्दल अनुमान करतो. हा वाद जुना आहे आणि त्यांचा आक्षेप वजनदार आहे. माझं मत असं की सुरुवात झोपेपासून करूच नये. जागेपणी, भीती आणि शांतता या दोन्हींत जे बदललं नाही ते आधी पाहावं (प्रश्न ४). झोपेचं प्रमाण लवकर पुढे केलं की माणूस वादात अडकतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

९. सगळं एकच, मग फवारणी कायले करायची? पूजा कायले?

"तूच दहावा" हे कळल्यावर ते दहा जण पुढच्या गावाला चालतच गेले असतील. भूक लागली की जेवायचं, बोंडअळी पडली की फवारायचं. एकत्वाचं कारण सांगून कोणी कामचुकारपणा करत असेल, तर त्याने कामं टाकली आहेत पण सावलीतली जागा आणि ताटातली भाजी टाकलेली नाही. निवड करणारा तसाच बसलेला आहे.

पूजेचं उत्तर विदर्भाने फार सुंदर दिलं आहे. लोणी टाकळीला १८८१ मध्ये जन्मलेले, माधानचे संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले, आयुष्य जेमतेम ३४ वर्षांचं, १९१५ मध्ये देह ठेवला. ते पक्के अद्वैती होते आणि त्याच वेळी स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानून भक्ती करत. त्यांच्या मताला मधुराद्वैत म्हणतात. एकत्व कळल्यावर प्रेम आटावं असं त्यांना वाटलं नाही. फरक इतकाच पडतो की मग पूजा काही मिळवण्यासाठी राहत नाही.

१०. आमचं घर महानुभाव. आमच्याकडे जीव आणि परमेश्वर वेगळे. मग कोण बरोबर?

महानुभावांचं रिद्धपूर शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात, त्यामुळे हा प्रश्न इथे येणारच. चक्रधर स्वामींच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ मुळातच वेगळे आणि नित्य आहेत. तिथे जीव कधी परमेश्वर होत नाही, परमेश्वराच्या कृपेने त्याला मोक्ष मिळतो. ही अद्वैताची खालची पायरी आहे असं काही कीर्तनकार सांगतात, ते चूक आहे. तो स्वतंत्र आणि पूर्ण विचार आहे. दोन्ही एकच म्हणतात असं गोड बोलून त्यांना एका पोत्यात भरू नये. हे पान एका बाजूचं म्हणणं सांगतं. घरचा मार्ग सोडा असं ते कोणालाही सांगत नाही.

११. समजलं सगळं, पण राग काही जात नाही. म्हणजे समजलंच नाही का?

दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

पहिली ही की चौथ्या अवस्थेला पाचवी समजलं गेलं. "दहावा आहे" हे पाठ झालं, मोजणी तशीच राहिली. याची खूण अशी की माणूस एकत्वावर तासभर बोलतो, पण पुढचं शिबिर कधी आहे हेही विचारतो. त्याने पुन्हा ऐकावं आणि पुन्हा मोजावं.

दुसरी शक्यता विद्यारण्यांनी त्याच गोष्टीतून दाखवली आहे. दहावा रडताना डोकं आपटत होता. तो मीच हे कळताक्षणी रडणं थांबलं, पण डोक्याची जखम महिनाभराने हळूहळू बरी झाली. जुन्या सवयींचं तसंच आहे. 'जीवन्मुक्तिविवेका'त ते ज्ञानासोबत वासनाक्षय आणि मनोनाश यांचाही अभ्यास सांगतात. राग येतो, पण त्यावरून "मी अजून पोचलो नाही, मला काहीतरी मिळवायचं आहे" ही जुनी हाकाटी सुरू होत नसेल, तर ती जखम आहे. तिला वेळ द्यावा, आणि ज्याच्यावर भडकलो त्याची माफी मागावी.

१२. सगळं स्वप्नासारखं, परकं वाटतं. घरचे ओळखीचे वाटत नाहीत, भीती वाटते. हेच अद्वैत का?

नाही. हे लांबच्या शिबिरांनंतर, जागरणांनंतर किंवा मोठ्या धक्क्यानंतर काहींना होतं, आणि तो मनाच्या आजाराचा भाग असू शकतो. झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, आवाज ऐकू येत असतील किंवा जीव द्यावा असं मनात येत असेल, तर ध्यान लगेच बंद करा, घरच्यांना सांगा आणि जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. "साक्षी होऊन पाहा" हा सल्ला अशा माणसाला कोणी देऊ नये. आमच्या वाचनालाही त्याने बरं वाटल्यावरच यावं.